लेसर लावला की दर वेळी उलटा उतार: हवेच्या दाबाची चूक कशी ओळखावी आणि कशी काढावी

व्हीएमसीच्या एक्स अक्षावर लेसर इंटरफेरोमीटर लावला, पिच एरर कॉम्पेन्सेशन भरले, शेवटचा ग्राफ शून्याभोवती सपाट आला आणि अहवालावर सह्या झाल्या. तरीही पुढच्या महिन्यात सीएमएमवर लांबचे सेंटर डिस्टन्स टॉलरन्सच्या बाहेर जाऊ लागले, ही तक्रार मी पिंपरी-चिंचवड पट्ट्यात अनेकदा ऐकली आहे. अशी तक्रार आली की संशय प्रथम बॉल स्क्रूवर जातो, मग बेअरिंगवर, मग ऑपरेटरवर. हवेचा दाब लेसरला कोणता सांगितला होता, हे फारसे कोणी विचारत नाही. ज्या मशीनवर ही तक्रार दोन वर्षे येत-जात राहिली, त्या एका मशीनची हकीकत इथे सविस्तर मांडतो, कारण या चुकीची सगळी लक्षणे तिथे एकत्र पाहायला मिळाली.

मशीन साधेच होते. एक्स अक्षाचा प्रवास १००० मिमी, बॉल स्क्रू, मोटरच्या मागे एन्कोडर, लिनिअर स्केल नाही. त्यावर ईएन-८ पोलादाची एक लांब प्लेट बनत होती आणि तिच्या दोन टोकांच्या भोकांमधले अंतर ८०० मिमी, अधिक-उणे ०.०१५ मिमी असे ड्रॉइंगवर होते. तक्रारीच्या काळात हे अंतर ०.०१२ ते ०.०१६ मिमीने जास्त येत असे, म्हणजे काही प्लेटा पास होत, काही नापास. मेंटेनन्सच्या प्रमुखांनी माझ्यासमोर तीन जुने अहवाल ठेवले आणि म्हणाले, "साहेब, स्क्रूचे कोटेशन मागवून ठेवले आहे. तुम्ही एकदा बघा, मग ऑर्डर देतो."

ते तीन अहवाल एकाखाली एक ठेवल्यावर चित्र स्पष्ट झाले. पहिल्या चमूला कॉम्पेन्सेशनपूर्वी १००० मिमीच्या टोकाशी उणे १७ मायक्रॉन मिळाले होते. सहा महिन्यांनी आलेल्या दुसऱ्या चमूला अधिक १६ मिळाले. त्यानंतर पुन्हा पहिला चमू आला आणि त्याला पुन्हा उणे १७ मिळाले. प्रत्येकाने आपापल्या ग्राफप्रमाणे कॉम्पेन्सेशन भरले, प्रत्येकाचा शेवटचा ग्राफ सपाट आला, आणि प्लेटांची तक्रार मात्र फक्त पहिल्या चमूच्या भेटीनंतर सुरू होऊन दुसऱ्या चमूच्या भेटीनंतर थांबत होती. दोन्ही चमूंच्या तारखा आणि क्वालिटीच्या रिजेक्शनच्या नोंदी कोणी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या, म्हणून हा मेळ दोन वर्षे लक्षात आला नाही.

ग्राफचा आकार काय सांगतो

आकड्याआधी आकार पाहावा, असा माझा आग्रह आहे. तिन्ही ग्राफमध्ये शून्यातून निघालेली सरळ रेषा होती. जातानाची आणि येतानाची रेषा एकमेकींना समांतर होत्या आणि त्यांच्यातले अंतर, म्हणजे उलट दिशेने आल्यावरचा फरक, दोन मायक्रॉनच्या आसपास स्थिर होता. झिजलेला स्क्रू असा ग्राफ देत नाही. झीज जिथे काम जास्त होते तिथे, म्हणजे बहुधा टेबलाच्या मधल्या भागात होते. त्यामुळे रेषा मध्येच वाकते आणि दोन्ही दिशांमधला फरकही त्याच भागात वाढतो. स्क्रूच्या लीडमध्ये मुळातच सरळ उताराची चूक असू शकते, हे खरे आहे. पण ती चूक सहा महिन्यांत आपले चिन्ह बदलत नाही, आणि कोण मोजतो आहे त्यावर तर ती मुळीच अवलंबून नसते.

स्क्रू गरम होण्यानेही उतार येतो, मात्र तो वेगळ्या रीतीने दिसतो. आयएसओ २३०-२ प्रमाणे प्रत्येक दिशेने पाच फेऱ्या घेतल्या जातात. मोजणी चालू असताना स्क्रू तापत गेला, तर पहिल्या फेरीची रेषा आणि पाचव्या फेरीची रेषा पंख्याच्या काड्यांसारख्या एकमेकींपासून उघडत जातात. आमच्याकडच्या जुन्या ग्राफमध्ये पाचही फेऱ्या जवळजवळ एकावर एक बसल्या होत्या. म्हणजे जी काही चूक होती, ती मोजणी सुरू होण्याआधीच ठरलेली होती आणि संपेपर्यंत बदलली नव्हती.

राहता राहिली किरणाची जुळणी. किरण अक्षाच्या दिशेशी तिरका असेल तर लेसर नेहमी कमी अंतर दाखवतो, आणि पहिल्या चमूला कमीच मिळत होते; म्हणून ही शंका रास्त होती. पण हिशोब केला की ती गळून पडते. एका मीटरला एक मिमी इतका तिरकेपणा असेल तर चूक फक्त अर्धा मायक्रॉन येते. सतरा मायक्रॉनसाठी किरण मीटरला जवळजवळ सहा मिमी तिरका हवा. तेवढ्या तिरकेपणात रिफ्लेक्टरवरून परतणारा किरण साधारण बारा मिमी सरकतो आणि सिग्नलच तुटतो. मोजणी पूर्ण झाली आहे, याचाच अर्थ दोष जुळणीचा नाही.

शून्यातून जाणारी सरळ रेषा, समांतर दिशा, एकावर एक बसलेल्या फेऱ्या आणि चमू बदलला की उलटणारे चिन्ह, एवढे एकत्र दिसले की मशीनला हात लावू नये. लेसरची मोजपट्टीच लहान-मोठी झाली आहे, असे समजून पुढे जावे.

मोजपट्टी लहान-मोठी कशी होते

लेसरची मोजपट्टी म्हणजे प्रकाशाची तरंगलांबी. यंत्र तरंगपट्टे मोजते आणि त्यांच्या संख्येला अर्ध्या तरंगलांबीने गुणते. हेलियम-निऑन लेसरची निर्वातातली तरंगलांबी फार स्थिर असते, पण आपण निर्वातात मोजत नाही. हवेत ती हवेच्या अपवर्तनांकाने भागली जाते आणि हा अपवर्तनांक हवेच्या घनतेबरोबर, म्हणजेच तापमान, दाब आणि थोड्या प्रमाणात आर्द्रता यांच्याबरोबर बदलतो. कार्यशाळेत हाताने हिशोब करण्यासाठी अमेरिकेच्या एनआयएसटी या मापनसंस्थेने दिलेले एक सोपे सूत्र मी वापरतो. त्यात दाब किलोपास्कलमध्ये, तापमान सेल्सिअसमध्ये आणि आर्द्रता टक्क्यांत भरायची असते.

```
n = 1 + 7.86e-4*p/(273+t) - 1.5e-11*RH*(t*t+160)

p =  94.4, t = 29, RH = 60  ->  n-1 = 244.79 ppm
p = 100.8, t = 29, RH = 60  ->  n-1 = 261.45 ppm
```

सूत्राखालच्या दोन ओळींत तापमान आणि आर्द्रता तीच ठेवून फक्त दाब बदलला आहे. पहिला दाब ९४४ हेक्टोपास्कल, दुसरा १००८. फरक १६.६६ पीपीएम, म्हणजे मीटरला १६.६६ मायक्रॉन येतो. आपल्या तापमानाला दर हेक्टोपास्कलमागे मीटरला सुमारे ०.२६ मायक्रॉन, एवढे लक्षात ठेवले तरी पुरते. हवेचे तापमान एका अंशाने चुकले तर मीटरला एक मायक्रॉनपेक्षा किंचित कमी चूक येते. आर्द्रतेचा परिणाम या दोन्हींहून पुष्कळ लहान असतो. साठ टक्क्यांऐवजी पन्नास टक्के भरले म्हणून कोणाची प्लेट नापास होणार नाही.

चूक कोणत्या दिशेने जाते हेही नीट समजून घ्यावे, कारण पुढचे निदान त्यावरच अवलंबून आहे. प्रत्यक्ष दाब ९४४ असताना १००८ भरले, तर सॉफ्टवेअर हवा प्रत्यक्षापेक्षा दाट आहे असे समजते, तरंगलांबी प्रत्यक्षापेक्षा आखूड धरते आणि बरोबर १००० मिमी सरकलेले टेबल ९९९.९८३ मिमी सरकले असे दाखवते. ग्राफवर उणे १७ दिसतात. त्यावर विश्वास ठेवून कॉम्पेन्सेशन भरले की निर्दोष मशीन मीटरला सतरा मायक्रॉन जास्त चालू लागते. मग ८०० मिमीच्या अंतरात १३ मायक्रॉन जास्तीचे येतात. प्लेटांमध्ये नेमके तेवढेच येत होते.

१००८ हा आकडा आला कुठून

पहिल्या चमूच्या अहवालात वातावरणाचा दाब १००८ हेक्टोपास्कल असा छापलेला होता. त्यांच्या वातावरण-नोंद युनिटची केबल खराब झाली होती, म्हणून तापमान हातातल्या थर्मामीटरने आणि दाब मोबाइलवरच्या हवामान अ‍ॅपमधून घेऊन हाताने भरला जात होता. तापमान बरोबर होते. दाबाचा आकडाही अ‍ॅपने खोटा दिला नव्हता. फक्त तो समुद्रसपाटीला आणलेला दाब होता. निरनिराळ्या उंचीवरच्या ठिकाणांची तुलना करता यावी म्हणून हवामानशास्त्रात सगळे दाब समुद्रसपाटीला रूपांतरित करून देतात. लेसरला मात्र किरण ज्या हवेतून जातो आहे त्या हवेचा, त्या जागेचा प्रत्यक्ष दाब लागतो.

हा चमू मूळचा ठाण्याकडचा होता. मुंबई-ठाण्यात शॉप समुद्रापासून काही मीटरच उंच असते, त्यामुळे अ‍ॅपमधला आकडा आणि शॉपमधला दाब यांत एक-दोन हेक्टोपास्कलचाच फरक पडतो आणि हीच पद्धत तिथे वर्षानुवर्षे बिनबोभाट चालते. घाट चढून वर आले की ती फसते. दर साडेआठ-नऊ मीटर उंचीला दाब सुमारे एक हेक्टोपास्कलने उतरतो. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, म्हणून इथे साठ-पासष्ट हेक्टोपास्कलचा फरक पडतो. कोल्हापूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर इथेही गोष्ट तीच. बंगळुरू तर ९०० मीटरच्या वर आहे. तिथे हीच चूक मीटरला पंचवीस मायक्रॉनपर्यंत जाते.

सॉफ्टवेअरमध्ये १०१३.२५ हा आकडा तसाच राहून जाणे हे या चुकीचे दुसरे रूप आहे. सेन्सर जोडलेला नसला की अनेक सॉफ्टवेअर प्रमाण हवा, म्हणजे २० अंश आणि १०१३.२५, गृहीत धरून पुढे जातात. अहवालात हे दोन गोल आकडे एकत्र दिसले, तर तो अहवाल घाटावरचा असो वा किनाऱ्यावरचा, त्यातला उतार मी विचारात घेत नाही. दोन्ही दिशांमधला फरक आणि पुनरावृत्ती तेवढी वापरतो, कारण त्या दोन गोष्टींना मोजपट्टीतली एवढी चूक जाणवतही नाही.

जागेवर खात्री कशी करावी

कोणाच्या अहवालावर बोट ठेवण्याआधी आपले स्वतःचे उपकरण तपासावे. मी रिफ्लेक्टर १००० मिमीच्या टोकाला नेऊन टेबल थांबवतो, सॉफ्टवेअर हाताने भरण्याच्या पद्धतीवर नेतो आणि दाब १००८ वरून ९४४ करतो. टेबल हललेले नसते, तरी पडद्यावरचे अंतर सुमारे १७ मायक्रॉनने वाढते. हे दृश्य मेंटेनन्सच्या आणि क्वालिटीच्या माणसांना पडद्यासमोर उभे करून दाखवावे, कारण मशीन जागचे हललेले नसताना आकडा बदललेला पाहिल्यावर पुढच्या चर्चेचा अर्धा भार हलका होतो. त्या दिवशीही हे झाल्यावर स्क्रूच्या कोटेशनचा विषय आपोआप मागे पडला.

दाबाचा सेन्सर खरे बोलतो आहे का, हे पाहण्यासाठी मोबाइलच उपयोगी पडतो, पण अ‍ॅप वेगळे हवे. अनेक फोनमध्ये दाबाचा सेन्सर असतो आणि त्याचे थेट वाचन दाखवणारी साधी अ‍ॅप मिळतात. समुद्रसपाटीला रूपांतर करण्याचा पर्याय त्यात बंद असल्याची खात्री करून घ्यावी. हे वाचन एक-दोन हेक्टोपास्कलने इकडेतिकडे असू शकते, म्हणून ते लेसरमध्ये भरण्यासाठी मी सहसा वापरत नाही. मात्र साठ हेक्टोपास्कलची चूक पकडायला ते पुरेपूर आहे. पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये वाचन असेल तर पुण्यात ते ७०८ च्या आसपास दिसायला हवे. ७५५-७६० दिसले की काहीतरी चुकले आहे.

हवेच्या तापमानाचा सेन्सर जिवंत आहे का, हे मुठीत धरून पाहावे. अर्ध्या मिनिटात आकडा चढायला लागला नाही, तर सॉफ्टवेअर जुनाच आकडा धरून बसले आहे. रेनिशॉच्या एक्सएल-८० लेसरबरोबर येणारे एक्ससी-८० युनिट दर सात सेकंदांनी दुरुस्ती नव्याने करते; पण केबल हलली आणि दुवा तुटला, तर मोजणी थांबेलच असे कोणत्याही प्रणालीबाबत गृहीत धरू नये. मोजणी सुरू करताना आणि संपवताना असे दोन्ही वेळचे आकडे वहीत लिहिले, तर हा दोष लपत नाही: दोन्ही वेळा तापमान दशांशापर्यंत अगदी तेच असेल, तर ते स्थैर्य संशयास्पद समजावे.

सेन्सर कुठे ठेवावा याबद्दल थोडक्यात एवढेच, की दाबाचा सेन्सर त्याच शॉपमध्ये कुठेही ठेवला तरी चालतो, हवेच्या तापमानाचा मात्र किरणाच्या जवळ आणि शक्य तर प्रवासाच्या मध्यावर हवा.

उरलेला उतार: धातूचे तापमान

आता ज्या ठिकाणी मी स्वतः फसता फसता वाचलो, तो भाग. दाब ९४४, हवा २९ अंश, सगळे सेन्सर जिवंत, असे असताना पहिली मोजणी घेतली. पहिल्या चमूने मशीन जास्त चालवून ठेवले होते, म्हणून मला अधिक १७ च्या आसपास अपेक्षित होते. ग्राफ आला उणे १४. हा आकडा पहिल्या चमूच्या उणे १७ शी इतका मिळताजुळता होता की, अपेक्षा आधी लिहून ठेवलेली नसती, तर मीही स्क्रूची लीड कमी आहे असे लिहून मोकळा झालो असतो.

कारण धातूच्या सेन्सरमध्ये होते. लेसरची मोजपट्टी हवेने बदलते, आणि मशीन स्वतः उष्णतेने वाढते. या दोन अगदी निराळ्या दुरुस्त्या आहेत आणि त्यांचे सेन्सरही निराळे असतात. लांबीचे प्रमाण तापमान २० अंश आहे, म्हणून सॉफ्टवेअर धातूच्या सेन्सरचे वाचन घेऊन पोलादाची वाढ वजा करते. पोलादासाठी सहसा ११.७ हा गुणांक भरलेला असतो, म्हणजे एका अंशाला मीटरमागे ११.७ मायक्रॉन. हवेच्या तापमानातल्या एका अंशाच्या चुकीपेक्षा ही चूक बारा पटींहून मोठी आहे. मी चुंबकी सेन्सर घाईत बाजूच्या पत्र्याच्या कव्हरला चिकटवला होता आणि स्पिंडल चिलरची गरम हवा त्या कव्हरवर येत होती. सेन्सर ३१.२ अंश दाखवत होता. कव्हर काढून तो बेडच्या ओतकामावर, स्क्रूच्या बेअरिंग हाउसिंगजवळ, ऑइलचा थर पुसून बसवला आणि पंधरा मिनिटे थांबलो, तेव्हा २८.६ वर स्थिरावला. फरक २.६ अंश, म्हणजे मीटरला ३० मायक्रॉन जास्तीचे वजा होत होते. अधिक १७ मधून ३० गेले की उणे १३, आणि ग्राफवर उणे १४ होते.

सेन्सर जागेवर बसल्यावर दुसरी मोजणी घेतली आणि टोकाशी अधिक १६ आले. आता हिशोब जुळला.

सेन्सर नक्की कशावर लावावा, याबद्दल शॉपमध्ये वाद होतात. माझे मत असे की, आधी प्रश्न ठरवावा. मशीनची अवस्था २० अंशांवर कशी असेल हे हवे असेल, तर सेन्सर स्थाननियंत्रण ज्याच्या आधारे होते त्याच्या शेजारी हवा: या मशीनवर तो स्क्रू होता, स्केल असलेल्या मशीनवर स्केल. काचेच्या स्केलचा गुणांक पोलादापेक्षा बराच कमी, साधारण ८, असतो, तिथे ११.७ तसाच ठेवला तर नऊ अंशांच्या फरकावर मीटरला तेहतीस मायक्रॉनचा खोटा उतार तयार होतो. आणि जॉब बरोबर निघतो का हा प्रश्न असेल, तर जॉबचा धातू आणि त्याचे तापमानही विचारात घ्यावे लागते. आमची प्लेट पोलादाची होती आणि मशीनइतकीच तापलेली होती, म्हणून स्क्रू आणि प्लेट जवळजवळ सारखेच वाढले आणि सीएमएमच्या २० अंशांवर सारखेच आकसले. तीच प्लेट अ‍ॅल्युमिनियमची असती, तर दाबाची चूक काढूनही अंतर बाहेरच राहिले असते आणि त्याचे कारण लेसरमध्ये सापडले नसते.

कॉम्पेन्सेशनचे पान

दुरुस्तीआधी कंट्रोलरवरचे पिच एररचे पान उघडून पाहिले. फानुक कंट्रोलर होता आणि दर ५० मिमीला एक बिंदू, असे वीस बिंदू होते. या पानावर प्रत्येक बिंदूला मागच्या बिंदूपासूनची वाढ भरलेली असते. वीसपैकी सतरा घरांत एकाच चिन्हाचा १ होता, उरलेल्या तीन घरांत शून्य. सतरा मायक्रॉनचा सरळ उतार ५० मिमीच्या तुकड्यांत वाटला की असेच पान तयार होते. खऱ्या स्क्रूच्या पानावर अधिक-उणे दोन्ही असतात, कुठे दोन-तीन मोठे आकडे सलग येतात, कुठे काहीच नसते. असे पानभर एकच एक दिसले, की लेसर लावण्याआधीच मी वातावरणाच्या नोंदी मागतो.

जुने पान जतन करून ठेवावे आणि मगच शून्य करावे. नवी मोजणी जुन्या कॉम्पेन्सेशनसह घेतली की शून्य करून, हे अहवालात स्पष्ट लिहावे. शून्य करून घेतलेले आकडे जुन्या पानात मिळवले गेले, किंवा जुन्यासह घेतलेले आकडे त्याच्या जागी बसवले गेले, तर उतार पुन्हा उभा राहतो आणि त्याचा दोष पुन्हा मशीनवर येतो.

पान शून्य केल्यावर या मशीनची मूळ चूक अधिक-उणे तीन मायक्रॉनच्या आत निघाली. त्या लहान चुकीसाठी नवे कॉम्पेन्सेशन भरले. स्क्रू आधी अर्धा तास नेहमीच्या फीडवर फिरवून घेतला, मगच पाच फेऱ्या घेतल्या, आणि पहिली व पाचवी रेषा शेजारी ठेवून पाहिल्या. दुसऱ्या दिवशी बनलेल्या प्लेटांमध्ये ८०० मिमीचे अंतर अधिक ०.००२ ते ०.००४ मध्ये आले.

या मोजणीवर किती भरवसा ठेवावा

लेसरच्या माहितीपत्रकावर अधिक-उणे ०.५ पीपीएम असा आकडा असतो आणि वातावरणाचे सेन्सर नीट असतील तर तो खरा असतो. मात्र तो फक्त मोजपट्टीचा आकडा आहे. २९ अंशांच्या शॉपमध्ये आपण नऊ अंशांची वाढ गुणांकाने वजा करतो, गुणांक ११.७ ऐवजी प्रत्यक्षात ११ असेल, तर मीटरला सहा मायक्रॉन तिथेच गेले. धातूचे तापमान अर्ध्या अंशाने चुकले तर आणखी सहा. म्हणून वातानुकूलन नसलेल्या शॉपमधल्या अहवालात मीटरला दोन मायक्रॉनच्या उताराबद्दल कोणी छातीठोकपणे बोलू लागले, तर मी ते मान्य करत नाही. सतराच्या उताराबद्दल मात्र बोलता येते, आणि बोलावेच लागते.

इंटरफेरोमीटर आणि रिफ्लेक्टरची शून्य जागा यांच्यातल्या मोकळ्या अंतराची चर्चाही होते. ते ३०० मिमी असेल आणि मोजणीच्या काळात हवा दोन अंशांनी बदलली, तर अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास चूक येते. ते दोन मीटर ठेवले तर तीन-चार मायक्रॉन. जवळ लावता येत असेल तर जवळ लावावे. याहून अधिक वेळ त्यावर घालवण्याची गरज या तक्रारीत नाही.

दाबाचा एखादा ठरावीक आकडा, समजा ९४५, कायमचा लिहून ठेवून तोच भरत राहावा का, असे मला विचारले गेले. केबल तुटलेली असेल आणि दुसरा उपायच नसेल, तर समुद्रसपाटीच्या आकड्यापेक्षा तो शतपटीने बरा. पण दाब दिवसातही हलतो: सकाळी दहाच्या सुमारास चढलेला आणि दुपारी चारच्या सुमारास उतरलेला असतो, आणि हा फरक तीन-चार हेक्टोपास्कलचा, म्हणजे मीटरला सुमारे एक मायक्रॉनचा असतो. पावसाळ्यात तो हिवाळ्यापेक्षा आणखी खाली असतो. त्यामुळे ठरावीक आकड्यावर घेतलेल्या अहवालात तसे लिहावे आणि केबल दुरुस्त करून घ्यावी.

मशीनच्या फाइलमध्ये आता ग्राफच्या वर एक ओळ सक्तीची केली आहे: शॉपमधला प्रत्यक्ष दाब, तो कशाने मोजला, हवेचे तापमान, धातूच्या सेन्सरचे वाचन आणि तो कुठे चिकटवला होता. जुलैमध्ये ठाण्याचा तोच पहिला चमू पुन्हा आला. केबल नवी होती, दाब ९४० भरला गेला होता, धातूचा सेन्सर बेडवर होता. १००० मिमीच्या टोकाशी उणे २ मायक्रॉन आले आणि कॉम्पेन्सेशनच्या पानाला कोणी हात लावला नाही.